वय सारखं, आयुर्मान वेगळं

भारतातल्या सगळ्या माणसांना वयानुसार एका रांगेत उभं केलं, तर बरोबर मधोमध साधारण २८ वर्षांचं माणूस येईल. इस्रायलमध्ये तीच रांग लावली तर मधलं माणूस २९च्या आसपासचं निघेल. या मधल्या माणसाच्या वयाला मध्यक वय म्हणतात. म्हणजे दोन्ही देश सारखेच तरुण. पण इस्रायलचं सरासरी आयुर्मान आहे ८३च्या घरात आणि आपलं ७०च्या आसपास. एवढा फरक पडतो, कारण दोन्ही आकडे मुळात वेगळ्याच गोष्टी मोजतात.

मध्यक वय काढायला जनगणना पुरते. २०११च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे १२१ कोटी होती आणि त्यातले जवळजवळ ६०.४ कोटी लोक २५ वर्षांच्या आतले होते. निम्मी रांग तिथेच संपली, म्हणून त्या वेळचं मध्यक वय २५ला टेकलेलं. यात मेख एकच. प्रगणक दारात आल्यावर पुष्कळ जण वय अंदाजाने सांगतात आणि ते ४०, ४५, ५० अशा आकड्यांवर जाऊन बसतं. म्हणून एकेका वर्षाचे आकडे थेट न घेता पाच-पाच वर्षांचे गट करून हिशोब करतात.

या सगळ्यात मृत्यूचा उल्लेखही आलेला नाही, हे लक्षात घ्या.

आयुर्मानाचा हिशोब उलट फक्त मृत्यूंवर चालतो. आपल्याकडे त्याची आकडेवारी नमुना नोंदणी पद्धतीतून येते. आधी प्रत्येक वयोगटाचा मृत्युदर काढायचा. मग कागदावर एक लाख बाळं जन्माला घालायची आणि त्यांना आजच्या मृत्युदरांतून एकेक वर्ष पुढे न्यायचं: पहिल्या वर्षी इतकी गेली, दुसऱ्या वर्षी इतकी, असं शेवटचं माणूस जाईपर्यंत. सगळ्यांनी मिळून जगलेली वर्षं एकत्र करून लाखाने भागली की झालं आयुर्मान. खऱ्या लोकसंख्येत मुलं किती आणि म्हातारे किती, याचा त्यात काही संबंध उरत नाही.

ही सरासरी असल्यामुळे बालमृत्यू तिला फार खाली ओढतात. दहा बाळांपैकी तीन जन्मताच गेली आणि उरलेली सात ६५ वर्षं जगली, तर आयुर्मान निघतं ४५.५. त्या दहांत पंचेचाळिशीत मेलेलं कोणीच नाही! १९४१ ते १९५१ या दशकात भारताचं आयुर्मान ३२ होतं. त्या काळात माणसं तिशीतच म्हातारी होऊन मरत, असा त्याचा अर्थ सर्रास लावला जातो, आणि तो चूक आहे.

आता गंमत पाहा. ते आयुर्मान १९७०-७५पर्यंत पन्नाशीला आलं. माणसं जास्त जगू लागली म्हणजे देशाचं वय वाढलं असेल, असं वाटतं. प्रत्यक्षात १९५० ते १९७० या काळात मध्यक वय वीस-एकविसावरून एक-दोन वर्षांनी खाली आलं.

छोट्या वस्तीचं उदाहरण घेऊ. नऊ माणसं, वयं २, ५, ९, १४, २०, २७, ३५, ४८ आणि ६०. मधलं वय २०. आता देवीची लस, मलेरियावरची फवारणी वगैरेंमुळे एरवी दगावली असती अशी दोन तान्ही बाळं वाचली. माणसं अकरा झाली, रांग डावीकडून लांबली आणि मधलं वय १४वर आलं. कोणीही लवकर मेलं नाही, तरी वस्ती तरुण झाली. बालमृत्यू घटला की मध्यक वयावर होणारा परिणाम बहुतांशी जन्मदर वाढल्यासारखाच असतो.

मध्यक वय खरं चढवलं ते कमी मुलांनी. १९७१ला एका बाईला सरासरी ५.२ मुलं होत, २०२०पर्यंत ते प्रमाण दोनवर आलं. इस्रायलमध्ये मात्र ते आजही तीनच्या जवळ आहे. म्हातारे भरपूर जगतात, पण खालून मुलंही येत राहतात, म्हणून रांगेचा मध्य तिशीच्या आत राहतो.

बल्गेरियात चित्र उलटं आहे. तिथलं मध्यक वय ४५च्या आसपास, पण आयुर्मान ७५च्या आगेमागे, म्हणजे तरुण इस्रायलपेक्षा कितीतरी कमी. १९९०नंतर तिथला जन्मदर कोसळला आणि तरुण कामासाठी पश्चिम युरोपात गेले. १९८९च्या सुमाराला जवळपास ९० लाख असलेली लोकसंख्या २०२१च्या जनगणनेत ६५ लाखांवर आली. सोफियाहून जर्मनीला गेलेला पंचविशीतला माणूस मायदेशाचं मध्यक वय किंचित वाढवून जातो. तिथल्या आयुर्मानावर मात्र त्याच्या जाण्याचा थेट परिणाम जवळपास काहीच होत नाही.