डेटाशीट वाचन (मायक्रोकंट्रोलर)

डेटाशीट वाचन म्हणजे चिपसाठी प्रोग्राम लिहायला बसण्याआधी तिच्या निर्मात्याने दिलेल्या कागदांतून तीन गोष्टी शोधून काढणे: कोणत्या पिनेवर कोणते काम चालते, त्या पिनेला किती व्होल्टेज आणि करंट सोसतो, आणि ते काम सुरू करण्यासाठी कोणत्या पत्त्यावरच्या रजिस्टरमध्ये कोणते बिट लिहायचे. ही नोंद STM32F103C8 या ४८ पिनांच्या, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मायक्रोकंट्रोलरच्या आधाराने लिहिली आहे. वाचण्याची रीत इतर चिपांनाही लागू पडते, पण आकडे प्रत्येक चिपचे वेगळे असतात.

नवख्याची पहिली अडचण अशी की डेटाशीट शेवटपर्यंत चाळूनही रजिस्टरचे बिट त्यात सापडत नाहीत. ते तिथे नसतातच. अनेक छोट्या चिपांचे सगळे एकाच पुस्तिकेत असते, पण या कुळाची माहिती दोन कागदांत विभागलेली आहे. डेटाशीटमध्ये पिनांचा तक्ता, विद्युत मर्यादा आणि मेमरीचा ढोबळ नकाशा असतो. रजिस्टरांचे तपशील RM0008 या क्रमांकाच्या, हजाराहून अधिक पानांच्या रेफरन्स मॅन्युअलमध्ये असतात. मॅन्युअल संपूर्ण कुळासाठी लिहिलेले असते, डेटाशीट मात्र हातातल्या चिपसाठी. त्यामुळे मॅन्युअलमध्ये दिसलेली सोय आपल्या चिपमध्ये आहे का, हे डेटाशीटवरूनच ठरते.

पिनांचा तक्ता

समजा, एका बोर्डावर चार गोष्टी जोडायच्या आहेत: PC13 वर एक एलईडी, ५ व्होल्टवर चालणारा आणि सिरियलने आकडे पाठवणारा सेन्सर, PB6 आणि PB7 वर आयटूसीचा डिस्प्ले, आणि PB4 वरून मॉसफेटमार्फत चालणारा रिले. पहिल्या कच्च्या आराखड्यात सेन्सरची तार PA3 वर, म्हणजे दुसऱ्या सिरियल पोर्टच्या RX वर आणली आहे.

तक्त्यात प्रत्येक पिनेची एक ओळ असते. त्या ओळीत पॅकेजवरचा क्रमांक, नाव, प्रकार, व्होल्टेजची पातळी, रिसेटनंतरचे मुख्य काम, नेहमीची पर्यायी कामे आणि रिमॅप केल्यावर, म्हणजे एखादे काम दुसऱ्या पिनेवर हलवल्यावर, मिळणारी कामे दिलेली असतात. एकाच पिनेवर अनेक कामांचा दावा असणे यालाच पिन मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. पर्यायी कामांचा रकाना सगळेच वाचतात. नजरेतून सुटतात ते पातळीचा आणि रिसेटनंतरच्या कामाचा असे दोन रकाने.

पातळीच्या रकान्यात FT लिहिले असेल तर ती पिन ५ व्होल्ट सोसते. PA3 च्या ओळीत तिथे काही नाही. अशा पिनेवरच्या व्होल्टेजची कमाल मर्यादा ४.० व्होल्ट आहे, त्यामुळे ५ व्होल्टचा सेन्सर तिथे थेट जोडता येत नाही. दुसरा सिरियल पोर्ट रिमॅप करून सोडवता येईल का? मॅन्युअल सांगते की तो PD5 आणि PD6 वर नेता येतो, पण ४८ पिनांच्या पॅकेजमध्ये या दोन पिना बाहेर काढलेल्याच नाहीत. मॅन्युअल खरे बोलते, आपल्या चिपला मात्र ते लागू नाही. पहिल्या सिरियल पोर्टचा RX येतो PA10 वर, आणि त्या ओळीत FT आहे. सेन्सर तिथे हलवायचा. याच पोर्टला PB6 आणि PB7 वर नेणारे रिमॅपही आहे, पण तिथे डिस्प्ले बसला आहे, म्हणून ते बंदच ठेवायचे.

PB4 ची गोष्ट याहून फसवी आहे. तिच्या ओळीत रिसेटनंतरचे मुख्य काम PB4 नाहीच, तिथे JNTRST लिहिले आहे, आणि PB4 हे नाव रिमॅपच्या रकान्यात टाकले आहे. याचा अर्थ चिप सुरू होते तेव्हा ही पिन जेटॅग डिबगिंगच्या ताब्यात असते आणि चिपच्या आतला पुलअप तिला वर ओढतो. हा रोध ठरावीकपणे ४० किलोओहम असतो. मॉसफेटच्या गेटमध्ये करंट जवळजवळ जात नाही, त्यामुळे एवढा दुबळा पुलअपही गेट ३.३ व्होल्टपर्यंत नेतो. गेट त्या व्होल्टेजवर उघडणारा मॉसफेट असेल तर प्रोग्रामची पहिली ओळ चालण्याआधी रिले ‘खट’ करून लागतो. लक्षण ओळखायला सोपे आहे: रिसेटचे बटण दाबून धरल्यावरही रिले लागलेलाच राहतो. कोडमध्ये कितीही शोधले तरी हा दोष सापडणार नाही. गेटपासून जमिनीला ४.७ किलोओहम लावला की गेटवर उरतात सुमारे ०.३५ व्होल्ट, आणि मॉसफेट बंद राहतो. मोकळी पिन असेल तर रिलेच दुसरीकडे नेणे अधिक सरळ.

विद्युत मर्यादा

डेटाशीटमध्ये मर्यादांचे दोन वेगळे तक्ते असतात आणि त्यांची गल्लत करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पहिला तक्ता ‘अॅब्सोल्यूट मॅक्सिमम’ मूल्यांचा. त्यापलीकडे गेल्यास चिपला कायमची इजा होऊ शकते, एवढेच तो सांगतो. त्या मर्यादेपर्यंत चिप नीट चालेल असे वचन त्यात नाही. ते वचन दुसऱ्या, चालवण्याच्या परिस्थितीच्या तक्त्यात असते. या चिपचा पुरवठा पहिल्या तक्त्यात ४.० व्होल्टपर्यंत आहे, दुसऱ्यात २.० ते ३.६ व्होल्ट. आराखडा दुसऱ्यावर बेतायचा.

करंटचेही तसेच आहे. एका पिनेसाठी २५ मिलिअँपिअर हा इजेच्या तक्त्यातला आकडा. पिन ८ मिलिअँपिअर ओढत असताना तिची खालची पातळी ०.४ व्होल्टच्या वर जाणार नाही, अशी हमी आहे. २० मिलिअँपिअरला हीच पातळी १.३ व्होल्टपर्यंत चढू शकते, आणि मग पुढच्या चिपला ते शून्य वाटेल की नाही याचा भरवसा उरत नाही. शिवाय सगळ्या पिना मिळून पुरवठ्याच्या तारांतून जाणारा एकूण करंट १५० मिलिअँपिअरच्या आत ठेवायचा असतो.

PC13 ला मात्र हे ८ मिलिअँपिअरही लागू नाहीत. हे कळते पिनांच्या तक्त्याखालच्या बारीक टिपेतून. PC13, PC14 आणि PC15 या पिनांना वीज चिपच्या आतल्या एका छोट्या स्विचमधून मिळते. म्हणून त्या फक्त ३ मिलिअँपिअर ओढू शकतात, वेग २ मेगाहर्ट्झच्या आत ठेवावा लागतो, आणि करंट बाहेर देण्यासाठी, उदाहरणार्थ एलईडी पेटवण्यासाठी, त्या वापरायच्या नाहीत. एलईडीचे उदाहरण टिपेत दिलेलेच आहे. म्हणून एलईडीची धन बाजू ३.३ व्होल्टला आणि ऋण बाजू रोधातून पिनेला जोडायची. लाल एलईडीवर सुमारे १.८ व्होल्ट पडतात, १.५ उरतात. १ किलोओहम लावल्यास १.५ मिलिअँपिअर, मर्यादेच्या निम्मे. सवयीने २२० ओहम लावला तर जवळजवळ ७, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून जास्त. एलईडी दोन्ही वेळा पेटतो, म्हणून चूक डोळ्यांना दिसत नाही.

FT च्या शब्दांतही अटी आहेत. अशा पिनेची कमाल मर्यादा ‘पुरवठा अधिक ४.० व्होल्ट’ अशी दिली आहे. चिप ३.३ व्होल्टवर चालू असताना ५ व्होल्ट बिनधोक बसतात. पण सेन्सरला वीज आहे आणि चिपला नाही, अशा वेळी पुरवठा शून्य होतो, मर्यादा ४.० वर येते आणि तेच ५ व्होल्ट तिच्या बाहेर जातात. दोघांची वीज वेगवेगळ्या स्विचवर असेल तर तारेत मालिकेत रोध किंवा लेव्हल शिफ्टर हवाच. पिनेवर पुरवठ्याहून जास्त व्होल्टेज येणार असेल तर आतला पुलअप आणि पुलडाउन बंद ठेवावा, अशीही टीप आहे. म्हणून PA10 साधे फ्लोटिंग इनपुट ठेवायचे.

उलट दिशेचा प्रश्न सेन्सरच्या डेटाशीटमध्ये सुटतो. त्याचे इनपुट पुरवठ्याच्या ०.७ पटीला ‘एक’ मानत असेल तर त्याला ३.५ व्होल्ट लागतील आणि आपले ३.३ कमी पडतील. अशी जोडणी टेबलावर बहुधा चालते आणि तापमान बदलले की अधूनमधून चुकते.

रजिस्टर नकाशा

पिना ठरल्यावरच मॅन्युअल उघडावे. रजिस्टरचा पत्ता दोन भागांत मिळतो: मेमरी नकाशातला मूळ पत्ता आणि रजिस्टरच्या वर्णनातला ऑफसेट. PC13 ज्या पोर्टात येते त्या GPIOC चा मूळ पत्ता `0x40011000`, `CRH` चा ऑफसेट `0x04`, म्हणून पत्ता `0x40011004`. `CRH` मध्ये ८ ते १५ या पिनांना प्रत्येकी चार बिट आहेत. १३ वी पिन त्यातली सहावी, म्हणून तिचे बिट २० पासून सुरू होतात. २ मेगाहर्ट्झचे पुश-पुल आउटपुट हवे तर तिथे `0x2` लिहायचे. पण त्याआधी या पोर्टला क्लॉक द्यावा लागतो, आणि तो बिट पूर्णपणे वेगळ्या प्रकरणात, क्लॉक सांभाळणाऱ्या `RCC` च्या `APB2ENR` मध्ये आहे.

```c
RCC->APB2ENR |= (1u << 4);      // GPIOC चा क्लॉक
GPIOC->BSRR = (1u << 13);       // आधी पिन वर: एलईडी बंद
GPIOC->CRH = (GPIOC->CRH & ~(0xFu << 20)) | (0x2u << 20);
```

मधली ओळ रिसेट मूल्य वाचल्यामुळे सुचते. आउटपुट रजिस्टर शून्यापासून सुरू होते, त्यामुळे पिन आउटपुट होताक्षणी खाली जाईल आणि एलईडी क्षणभर चमकेल. एलईडीला त्याने फरक पडत नाही, त्या जागी मोटार असेल तर पडतो.

रिसेट मूल्य दोष शोधायलाही उपयोगी पडते. `CRH` चे रिसेट मूल्य `0x44444444` आहे. वरचा कोड चालल्यावर डिबगरमध्ये `0x44244444` दिसले पाहिजे. `0x00000000` दिसले तर क्लॉक दिलेला नाही, कारण क्लॉक नसलेल्या भागाचे रजिस्टर वाचल्यास शून्य मिळते आणि लिहिलेले वाया जाते. `0x44444444` च दिसले तर क्लॉक आहे, पण लिहिणे दुसऱ्याच रजिस्टरमध्ये गेले आहे किंवा ती ओळ चाललेलीच नाही. एका वाचनात दोन्ही शक्यता वेगळ्या होतात.

बिटांच्या खाली लिहिलेली `rw`, `r`, `w` ही अक्षरेही वाचावीत. PB4 जेटॅगकडून सोडवून घेण्याचे बिट रिमॅप सांभाळणाऱ्या `AFIO` च्या `MAPR` मध्ये २४ ते २६ या जागी आहेत आणि ते फक्त लिहिता येतात. वाचल्यावर काय मिळेल याची शाश्वती नाही. म्हणून या रजिस्टरवर `|=` चालवणे धोक्याचे: दुसरे एखादे रिमॅप बदलायला गेलेला कोड जेटॅग आणि दोन तारांचे SWD हे डिबगिंगचे दोन्ही मार्ग बंद करू शकतो, आणि पुढच्या वेळी प्रोग्रामरला चिप सापडत नाही. तेव्हा रिसेट धरून ठेवून जोडणी करणे हाच बहुधा मार्ग उरतो. सर्व रिमॅपचे मूल्य एकत्र ठरवून एकदाच लिहावे:

```c
RCC->APB2ENR |= (1u << 0);      // AFIO चा क्लॉक
AFIO->MAPR = (2u << 24);        // जेटॅग बंद, SWD चालू
```

रिमॅपची ही पद्धत या कुळापुरती आहे. STM32F4 मध्ये प्रत्येक पिनेला स्वतंत्र चार बिटांचा काम-क्रमांक असतो आणि पहिल्या सिरियल पोर्टचा क्रमांक ७ आहे. F1 साठीचा कोड तिथे नेला तर `CRH` हे रजिस्टरच सापडत नाही.

दोन्ही कागद वाचून झाल्यावरही एक तिसरा उघडावा लागतो, तो इराटा, म्हणजे चिपमधल्या ज्ञात दोषांची यादी. F103 मध्ये पहिला एसपीआय रिमॅप करून मास्टर म्हणून वापरला आणि आयटूसी १ ला नुसता क्लॉक दिला, तरी PB5 वर दोघांचा झगडा होतो. पिनांच्या तक्त्यात याचा मागमूस नाही. वरच्या बोर्डात एसपीआय नाही. उद्या पहिल्या एसपीआयवर मेमरी कार्ड जोडायचे ठरले, तर त्यासाठी PA4 ते PA7 याच पिना मोकळ्या ठेवाव्या लागतील.