अकरा महिन्यांचा करार: सवय कुठून आली आणि नोंदणीने काय बदलले

घर भाड्याने देताना करार अकरा महिन्यांचाच का, असे विचारले की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते: बारा महिने झाले की भाडेकरूला हक्क मिळतात. मालक असे सांगतात, एजंट सांगतात आणि भाडेकरूही ते मान्य करून सही करतात. उत्तर चुकीचे आहे, पण ते निराधार नाही. दोन वेगळ्या कायद्यांतून आलेल्या दोन वेगळ्या भीती लोकांच्या बोलण्यात एकत्र झाल्या आणि त्यातून ही समजूत तयार झाली. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर यातल्या एका भीतीचे कारण २००० सालीच संपले आहे.

पहिले कारण फक्त नोंदणीचे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आणि नोंदणी कायदा १९०८ चा. स्थावर मालमत्तेचा भाडेपट्टा वर्षानुवर्षे चालणारा असेल, एका वर्षाहून जास्त मुदतीचा असेल किंवा त्यात वार्षिक भाडे ठरलेले असेल, तर त्याची नोंदणी सक्तीची, असे दोन्ही कायदे म्हणतात. त्याहून लहान मुदतीचा पट्टा तोंडी ठरवून ताबा दिला तरी चालतो. म्हणजे अट ‘एका वर्षाहून जास्त’ अशी आहे, आणि काटेकोर वाचले तर बारा महिन्यांचा करारही त्यात बसत नाही. मग अकराच का? मुदत मोजण्याच्या नियमात एक बारकावा आहे. पट्ट्याची मुदत ज्या तारखेपासून मोजायची ती तारीख हिशेबात धरत नाहीत आणि मुदत पूर्ण वर्षाची असेल, तर वर्ष भरण्याचा तो अख्खा दिवसही पट्ट्यात येतो. करारात तारखा सैल लिहिल्या, ताबा एक-दोन दिवस आधी दिला, की मुदत वर्षापलीकडे गेली का यावर वाद घालायला जागा मिळते. वकिलांनी एक महिना मोकळा सोडून ती जागाच ठेवली नाही. कार्यालयाची फेरी वाचली, नोंदणी शुल्क वाचले, आणि मुद्रांक कागदावर सह्या करून नोटरीकडे नेले की काम झाले.

एवढ्यावर भागले असते तर ही फक्त खर्च वाचवण्याची युक्ती ठरली असती. तिला धाक चिकटला तो भाडे नियंत्रणामुळे, आणि ही कहाणी मुंबई-पुण्याच्या घरांची आहे.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले आणि भाडेकरूला काढण्याची कारणे मोजकी ठेवली: भाडे थकवले, मालकाला स्वतःला घराची खरी गरज आहे, अशी. या कायद्यासमोर कराराची मुदत निरर्थक होती. अकरा महिने लिहा नाहीतर सहा, मुदत संपली तरी भाडेकरू कायद्याचा भाडेकरू म्हणून राहायचा, त्याच्यामागे त्याच्या घरचे राहायचे. ‘बारा महिने झाले की हक्क’ या समजुतीतली मूळ चूक इथे आहे. त्या कायद्याखाली भाडेकरूचा हक्क बाराव्या महिन्याची वाट पाहत नव्हता. तो पहिल्या दिवसापासून होता.

मालकांनी यावर शोधलेला मार्ग म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्यात ‘लायसन्स’ म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेत काही करण्याची नुसती परवानगी. तिच्यातून मालमत्तेत हितसंबंध तयार होत नाही. भाडेपट्ट्यात तो होतो. म्हणून कागदावर ‘भाडे’ऐवजी ‘लायसन्स फी’ आणि ‘भाडेकरू’ऐवजी ‘लायसन्सी’ असे लिहिले जाऊ लागले. घर तेच, राहणारा तोच, किल्ली त्याच्याकडेच. साहजिकच वाद न्यायालयात गेले. १९५९ च्या एका महत्त्वाच्या निकालाने सांगितले की कागदावरच्या नावापेक्षा त्यामागचा हेतू बघायचा आणि राहणाऱ्याकडे जागेचा पूर्ण, एकट्याचा ताबा असेल तर तो भाडेकरू असण्याकडे कल धरायचा. निर्णय शहाणा होता, पण त्यामुळे प्रत्येक करार हा संभाव्य खटला झाला. खटला किती वर्षे चालेल हे कोणी सांगू शकत नव्हते.

मग १९७३ साल आले. राज्याने मुंबई कायद्यात दुरुस्ती केली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जे कोणी किमान एका खोलीत राहत होते, त्या सगळ्यांना एका तारखेने भाडेकरू ठरवले. लायसन्सच्या आडून चाललेली फसवणूक खरी होती. वर्षानुवर्षे राहणाऱ्या माणसाला मुदतीच्या नावाखाली बाहेर काढले जात होते, त्यामुळे दुरुस्तीमागचा हेतू समजण्यासारखा आहे. तरीही माझ्या मते या शहरांच्या घरभाड्यावर याहून खोल परिणाम दुसऱ्या कोणत्याच निर्णयाने केलेला नाही. ज्याने खरोखर तात्पुरती खोली दिली होती त्याचीही खोली गेली, आणि ज्याने फसवण्यासाठी लायसन्सचा कागद केला होता त्याचीही. मालकांनी त्यातून एकच धडा घेतला: एकदा झाले ते पुन्हा होऊ शकते, तेव्हा राहणारा जास्त काळ टिकता कामा नये. अकरा महिन्यांच्या आकड्याला नवे काम मिळाले ते तेव्हापासून. नोंदणी चुकवण्याची मुदत आता हक्क रोखणारी मुदत समजली जाऊ लागली. कायद्यात तसा काही आधार नव्हता. १ फेब्रुवारीच्या त्या यादीत पाच महिन्यांचा लायसन्सीही होता आणि पाच वर्षांचाही.

१९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने १९४० च्या पातळीवर गोठलेली भाडी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले आणि नव्या कायद्याचा रस्ता मोकळा झाला. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यातली दोन कलमे आपल्या विषयाचा गाभा आहेत.

कलम २४ राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेचे आहे. मुदत संपली की लायसन्सीने जागा सोडायची. न सोडल्यास मालक दिवाणी न्यायालयाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. तिथे समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लायसन्सीला प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते. न मागितल्यास मालकाचे म्हणणे मान्य धरले जाते. जास्त राहिलेल्या दिवसांसाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई. आणि लेखी लायसन्स करारात जे नमूद आहे तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा. १९५९ पासून चाललेला ‘नाव काय आणि हेतू काय’ हा वाद राहत्या घरांपुरता या एका वाक्याने बराच आटोपला.

कलम ५५ नोंदणीचे. इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी, भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. मुदतीचा उल्लेखच नाही. अकरा महिने असोत वा एक महिना, नोंदणी सक्तीची. ती करण्याची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मालकाला खरा फटका मात्र शिक्षेपेक्षा दुसऱ्याच तरतुदीतून बसतो: नोंदणीकृत करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरायचे, उलट सिद्ध होईपर्यंत.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहू. समजा पुण्यातला एक फ्लॅट महिना २०,००० रुपये आणि १,००,००० रुपये डिपॉझिट अशा बोलीवर दिला. अकरा महिन्यांचा करार केला, नोटरी केला, नोंदवला नाही. मुदत संपल्यावर राहणारा म्हणतो: मी लायसन्सी नाही, भाडेकरू आहे. भाडे १५,००० ठरले होते, वरचे ५,००० मी आगाऊ देत होतो, आणि डिपॉझिटचे आणखी ५०,००० रोख दिले आहेत. मालकाच्या हातात सही केलेला कागद आहे, पण आता सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर आला. बँकेतल्या नोंदी, मेसेज, साक्षीदार गोळा करायचे. नोटरीचा शिक्का सही कोणी केली एवढेच सांगतो, नोंदणीची जागा तो घेत नाही. कराराची नोंदणी झालेली असती तर मालक इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा अधिकृत उतारा, आणि कराराची प्रत जोडून कलम २४ खाली अर्ज करून मोकळा झाला असता.

मुद्रांक आणि नोंदणी यांची इथे हमखास गल्लत होते. मुद्रांक शुल्क कमी भरले असेल तर फरक आणि दंड भरून कागद पुढे पुराव्यात आणता येतो. नोंदणीचे तसे नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांत कागद सादर करायचा, उशिराचे कारण पटले तर दंड भरून आणखी चार महिने मिळू शकतात. त्यानंतर तो कागद नोंदवता येत नाही, नव्याने करावा लागतो. नोंदणी सक्तीची असूनही न नोंदवलेला भाडेपट्टा १९०८ च्या कायद्यानुसार मुख्य व्यवहार सिद्ध करायला चालत नाही. फक्त आनुषंगिक गोष्टींसाठी, म्हणजे ताबा कोणत्या नात्याने होता हे दाखवण्यासाठी, तो वाचला जातो. भाडे किती आणि मुदत किती हे त्यातून सिद्ध करता येत नाही.

खर्चाचे कारणही आता उरलेले नाही. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवरचे वार्षिक दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का, मुदत साठ महिन्यांपर्यंत. नोंदणी शुल्क शहरात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. वरच्याच फ्लॅटचा अकरा महिन्यांचा करार नोंदवला तर मुद्रांक शुल्क पावणेसहाशेच्या आसपास येते. तोच करार छत्तीस महिन्यांचा केला, तर भाड्याचे ७,२०,००० आणि व्याजाचे ३०,००० मिळून साडेसात लाखांवर १,८७५ रुपये, आणि नोंदणी शुल्क एकदाच. अकरा महिन्यांचे तीन करार केले तर ते शुल्क तीनदा, आणि एजंटची दलाली मागितली गेली तर तीही दर वेळी. अंगठ्याच्या ठशाने घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होऊ लागल्यापासून कार्यालयाच्या फेरीचे निमित्तही राहिले नाही.

नोंदणीला मर्यादाही आहेत. दुय्यम निबंधक करार करणारी माणसे तीच आहेत का आणि सह्या त्यांच्या आहेत का हे पाहतो. फ्लॅट खरोखर त्या मालकाचा आहे का याची खात्री तो देत नाही, म्हणून भाड्याने घेणाऱ्याने मालकाचा स्वतःचा इंडेक्स टू किंवा वीजबिल, कर पावती आधी मागावी. मुदत संपल्यावर चिठ्ठीवर ‘आणखी अकरा महिने’ लिहून सही केली तर त्या नव्या काळासाठी नोंदणीकृत करार नाही असाच अर्थ होतो आणि कलम ५५ पुन्हा लागू होते. कलम २४ चा झटपट मार्ग फक्त राहत्या जागेसाठी आहे. दुकान किंवा ऑफिस लायसन्सवर दिले असेल तर करार नोंदवलेला असूनही ताब्यासाठी नेहमीच्या न्यायालयातच जावे लागते.