सणाला जन्म आणि ऋतूत जन्म: दोघांना एकच 1 जून लावू नका

आजोबांच्या जुन्या आत्मवृत्तात ‘जन्म पावसाळ्यात’ असो की ‘जन्म दसऱ्याचा’, वंशावळ लिहिणारे दोन्ही ठिकाणी बिनदिक्कत 1 जून टाकतात. शाळेत नाव घालताना मास्तरांनी तसं केलं, कारण त्यांना रकाना भरायचा होता. आपल्याला ती सक्ती नाही.

ऋतूचं काम सोपं. तिथे दिवस नसतोच, त्यामुळे ‘जून ते सप्टेंबर, मूळ शब्द: पावसाळ्यात’ एवढंच लिहावं. मधली तारीख काढणं मला मुळीच मान्य नाही.

सणाचं तसं नाही. सणामागे तिथी असते, आणि साल पक्कं असेल तर तिथीवरून नेमका दिवस निघतो. पण कोणत्या सालचा दसरा? 1925 मध्ये दसरा 27 सप्टेंबरला होता, 1956 मध्ये 14 ऑक्टोबरला. यंदाच्या कालनिर्णयात बघून तारीख लावणारे इथेच फसतात. पंचांग त्या सालचंच हवं.

त्यानंतर गाव बघावं. नाशिकच्या एखाद्या वृत्तांतात ‘रामाचा रथ निघाला त्या दिवशी, काळाराम सत्याग्रहाच्या साली’ असं असेल, तर बाहेरचा माणूस रामनवमी धरतो. आपल्याकडे रथ निघतो चैत्र शुद्ध एकादशीला, म्हणजे नवमीनंतर दोन दिवसांनी. सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला, आणि त्या वर्षी रथाचा दिवस होता 9 एप्रिल. मात्र सत्याग्रह पुढेही काही वर्षं चालला. म्हणून ‘त्या साली’ म्हणजे 1930 च, हे दुसऱ्या कशावरून तरी पटवून घ्या: पाठच्या भावंडाचं वय, शाळेचा दाखला, काहीही. साल पटलं नाही तर तारीख लिहू नका, ‘चैत्र शुद्ध एकादशी, साल अनिश्चित’ एवढ्यावर थांबा. ‘रंगाच्या दिवशी’ लिहिलं असेल तरी हेच. नाशिकचा रंग म्हणजे रहाडी उघडतात ती रंगपंचमी, धुळवड नव्हे.

साल शकात दिलं असेल तर 78 मिळवा. पण पौषातला बराचसा भाग, माघ आणि फाल्गुन इंग्रजी नव्या वर्षात पडतात, तिथे 79. शके 1851 चा फाल्गुन 1930 मध्ये येतो, 1929 मध्ये नाही.

रात्रीच्या जन्माला आणखी जपावं लागतं. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. दसऱ्याच्या रात्री तीन वाजता झालेलं मूल घरच्यांच्या लेखी दसऱ्याचंच, पण तारीख दुसऱ्या दिवसाची. वृत्तांतात ‘पहाटे’ किंवा ‘रात्री’ असेल तर दोन्ही तारखा लिहा आणि मूळ वाक्य जसंच्या तसं शेजारी ठेवा, म्हणजे पुढे कुणाला वेळेचा पुरावा सापडला तर त्यातली एक खोडता येईल.