चेक इंजिनच्या दिव्याचा फोटो मिस्त्रीला किती सांगतो?

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की आपण फोन काढतो, फोटो घेतो आणि ओळखीच्या मिस्त्रीला पाठवून विचारतो, "काय झालंय?" या प्रश्नाचं उत्तर त्या फोटोत नसतं. पण फोटो नीट काढलेला असेल, तर गाडी गॅरेजपर्यंत चालवत न्यावी की जागीच थांबवावी, एवढं त्यावरून बऱ्याचदा ठरवता येतं.

जाणता मिस्त्री आधी आरपीएमचा काटा बघतो. काटा शून्यावर असेल तर इंजिन बंद आहे आणि चावी फक्त 'ऑन' केलेली आहे. अशा वेळी चेक इंजिन, ऑइल आणि बॅटरी हे तिन्ही दिवे लागायलाच हवेत, कारण दिवे शाबूत आहेत की नाही याची ती तपासणी असते. अनेक जण नेमका हाच फोटो पाठवून घाबरतात. उलट, जुनी गाडी घेताना चावी ऑन करूनही चेक इंजिनचा दिवा लागलाच नाही, तर तो मुद्दाम बंद केला असल्याची शंका घ्यावी. म्हणून फोटो काढायचा तो इंजिन चालू ठेवून, गाडी उभी करून, आणि काटे व सगळे दिवे एका चौकटीत घेऊन. अपवाद एकच: ऑइलचा लाल दिवा लागला असेल तर इंजिन लगेच बंद करा. तेलाचा दाब नसताना फोटोसाठीही इंजिन चालू ठेवू नये.

फोटोत एक फार महत्त्वाची गोष्ट हरवते, ती म्हणजे दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय. स्थिर पिवळा दिवा असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर सावकाश गॅरेज गाठता येतं. लुकलुकणारा दिवा सहसा मिसफायर सांगतो. म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, ते तसंच सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे पेटतं. त्या उष्णतेने आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते, आणि हा भाग महागडा असतो. फोटोत मात्र दोन्ही दिवे सारखेच दिसतात. त्यातच अनेक डॅशबोर्डचे एलईडी दिवे डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने चालू-बंद होत असतात. कॅमेऱ्याचं शटर नेमकं 'बंद'च्या क्षणी उघडलं, तर लागलेला दिवा फोटोत विझलेला दिसतो. अंधारात कॅमेरा प्रकाश वाढवून घेतो, तेव्हा लाल दिवाही नारिंगी दिसू शकतो. यावर सोपा उपाय म्हणजे दहा सेकंदांचा व्हिडिओ, आणि रंग शब्दांत लिहून पाठवणं.

आता मूळ कारणाकडे वळू. दिवा एकच असला तरी त्यामागचे दोषांचे कोड शेकडो असतात. ते वाचायला स्टिअरिंगच्या आसपास, डॅशबोर्डखाली असलेल्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडावा लागतो. समजा कोड आला P0171. याचा अर्थ मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे. शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते. ऑक्सिजन सेन्सरला हवा जास्त वाटली की इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत जातो, आणि ही वाढ ठरावीक मर्यादेबाहेर गेली की दिवा लावतो. पण जास्तीची हवा फुटलेल्या नळीतून येतेय, की पंप पेट्रोलच कमी देतोय, हे कोडही सांगत नाही.

ते कळतं स्कॅनरवर पेट्रोलच्या वाढीचा आकडा बघून. आत येणारी हवा मोजणारा सेन्सर ज्या गाडीत असतो, तिथे उभ्या गाडीत ही वाढ २० टक्के दिसली आणि आरपीएम २५०० वर नेताच ५ टक्क्यांवर आली, तर संशय इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा येण्याच्या वाटेच्या, गळतीवर जातो. भोक तेवढंच राहतं, पण इंजिन ओढत असलेली एकूण हवा वाढल्यामुळे गळतीचा वाटा कमी होतो. पंप किंवा फिल्टर कमजोर असेल तर उलट घडतं: जोर दिला की आकडा वाढतो. हा फरक फोटोत कुठेच उमटत नाही, आणि नुसता कोड वाचून ऑक्सिजन सेन्सर बदलला तर सेन्सरचे पैसे जातात, नळी मात्र फाटकीच राहते.

त्यामुळे फोटो काढायचाच असेल तर दुसरा फोटो स्कॅनरच्या पडद्याचा काढा. त्यात कोड हवाच. सोबत 'फ्रीझ फ्रेम'ही घ्या, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणीचे वेग, आरपीएम आणि इंजिनाचं तापमान. मिस्त्री त्यावरून दोष थंड इंजिनात येतो की चढावर, हे ताडतो. बॅटरीची तार काढून दिवा घालवला तर बहुतेक गाड्यांत ही नोंद कोडसकट पुसली जाते, आणि दोष पुन्हा उमटेपर्यंत मिस्त्रीला वाट बघावी लागते.