कॅपच्या फॉर्ममध्ये नॉन क्रीमी लेअर 'इनव्हॅलिड' येतंय? आधी अपलोड केलेली फाईल उघडून बघा

दरवर्षी इंजिनिअरिंग, फार्मसीचे केंद्रीय प्रवेशाचे म्हणजे कॅपचे राउंड सुरू झाले की हाच फोन येतो. "सर, आमच्याकडे नवीन नॉन क्रीमी लेअर आहे, तरी फॉर्म परत पाठवलाय." आणि लॉगिन उघडून बघितलं की बहुतेक वेळा जुनंच सर्टिफिकेट अपलोड झालेलं असतं. पालक खोटं बोलत नसतात, त्यांच्या हातात खरंच नवीन कागद असतो. पण स्क्रूटिनी म्हणजे कागदपत्रांची तपासणी करणाऱ्याला तुमचा हात दिसत नाही, त्याला फक्त फाईल दिसते.

कोणाला लागतं ते आधी सांगतो. ओबीसी, व्हीजेएनटीचे सगळे गट, एसबीसी आणि एसईबीसी यांना जातीच्या दाखल्यासोबत नॉन क्रीमी लेअर लागतं. एससी, एसटीला लागत नाही, त्यामुळे शेजारच्याने "आम्हाला तर कोणी मागितलं नाही" म्हटलं तर त्यावर जाऊ नका. अर्ज सेतू केंद्रातून किंवा आपले सरकारवरून होतो, मागच्या 3 वर्षांचं उत्पन्न बघतात, मर्यादा वर्षाला 8 लाखाची आहे.

आता खरी अडचण. या सर्टिफिकेटला मुदत असते आणि ती वाढदिवसासारखी दिलेल्या तारखेपासून मोजायची नसते, ती 31 मार्चला संपते. कोणाला 1 वर्षाचं मिळतं, कोणाला 3 वर्षांचं, ते तुमच्या कुटुंबाच्या मागच्या तीन वर्षांच्या उत्पन्नावर ठरतं, म्हणून चुलतभावाचं 3 वर्षं चाललं म्हणून तुमचंही चालेल असं धरून चालू नका. कागदावर 'वैध' शब्दाजवळ जी तारीख छापलीय तीच खरी. 2025-26 च्या प्रवेशाला 31 मार्च 2026 पर्यंत तरी वैध असलेलं सर्टिफिकेट मागितलं होतं. म्हणजे 31/03/2025 लिहिलेलं सर्टिफिकेट जूनमध्ये टाकलं तर ते संपलेलं. खूप जण म्हणतात, "अहो, पण 2025 च लिहिलंय ना!" हो, पण मार्च 2025.

एक केस सांगतो, म्हणजे कुठे घसरतं ते कळेल. ओबीसीतला मुलगा, बारावी झालेला. दहावीनंतर काढलेलं सर्टिफिकेट 31/03/2025 पर्यंतचं होतं, ते पीडीएफ करून ताईच्या लॅपटॉपवर NCL.pdf नावाने ठेवलेलं. मे महिन्यात वडिलांनी नवीन काढलं, ते 31/03/2028 पर्यंतचं. ते डाउनलोड केल्यावर त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची फाईल होती म्हणून लॅपटॉपने आपोआप नाव दिलं NCL (1).pdf. फॉर्म भरताना पोराने सरळ NCL.pdf निवडली, अपलोड झालं, हिरवी खूण आली, सगळे खूश. पोर्टल फाईल आली की नाही एवढंच सांगतं, आतली तारीख वाचत नाही.

त्यांनी ई-स्क्रूटिनी, म्हणजे सेंटरवर न जाता ऑनलाइन तपासणी, निवडली होती. काही दिवसांनी फॉर्म लॉगिनला परत आला, शेरा एवढाच की नॉन क्रीमी लेअर व्हॅलिड नाही. वडिलांनी कपाटातून कागद काढला, 2028 वाचलं आणि म्हणाले साहेबांनी नीट बघितलं नसणार, परत पाठव. पोराने काहीही न बदलता फॉर्म तसाच सबमिट केला. अर्थातच तो पुन्हा परत आला, आणि मध्ये जे दिवस गेले ते शेवटच्या तारखेच्या तोंडावरचे होते. शेवटी लॉगिनमध्ये जाऊन अपलोड केलेली फाईल उघडली तेव्हा कळलं. चूक पाच मिनिटांत सुधारली, पण ती शोधायलाच आठवडा खाल्ला.

इथे मला स्क्रूटिनीवाल्यांचाही राग येतो. "नॉट व्हॅलिड" लिहिण्याऐवजी "अपलोड केलेल्या कागदावर 31/03/2025 आहे" एवढं लिहिलं असतं तर त्या घरातला गोंधळ तिथेच मिटला असता. दहा शब्दांनी काय बिघडतं? पण शेरा कसाही असला तरी भांडण्याआधी आपली फाईल बघायची हेच हातात आहे.

बघायचं कसं, तर घरातल्या फोल्डरमधली फाईल नाही, लॉगिनमध्ये कागदपत्रांच्या यादीत जे दिसतं तिथून ती उघडायची. आणि उघडून वाचायची, नुसतं 'हो, आपलंच आहे' म्हणून बंद नाही करायची, कारण जुनं आणि नवीन दिसायला सारखंच असतं, तोच शिक्का, तेच नाव, तोच तालुका. नाव कोणाचं ते बघा (मोठ्या बहिणीचं सर्टिफिकेट टाकलेलं मी पाहिलंय), मग वैधतेची तारीख, आणि शेवटी बारकोडजवळचा नंबर हातातल्या कागदाशी जुळवा. नंबर वेगळा असेल तर कागद वेगळा, मग पुढे वाद नको. सायबर कॅफेत फॉर्म भरला असेल तर हे जास्तच गरजेचं, तिथे कॉम्प्युटरवर दहा जणांच्या फायली पडलेल्या असतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं जुनं चॅटमधून उचललं जातं.

दुसरा एक प्रकार यापेक्षा फसवा आहे. सर्टिफिकेट हातात नसेल तर अर्ज केल्याची पावती लावून फॉर्म भरता येतो, ही सवलत चांगलीच आहे. पण मग सर्टिफिकेट येतं, आई ते फाईलला लावते, सगळ्यांच्या डोक्यात "झालं काम" असतं आणि पोर्टलवर मात्र पावतीच राहते. पावतीवर भागतं ते वेळापत्रकात दिलेल्या तारखेपर्यंतच. तोपर्यंत मूळ सर्टिफिकेट अपलोड करून तपासून घेतलं नाही तर मुलगा ओपनमध्ये धरला जातो. म्हणून पावतीवर फॉर्म भरला असेल तर ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, मेसेज येईल या भरवशावर राहू नका.

परत आलेला फॉर्म दुरुस्त करताना फाईल बदलली की काम संपत नाही, फॉर्म पुन्हा सबमिट करावा लागतो. बरेच जण फाईल बदलून लॉगआउट होतात. सबमिट झालं की पुन्हा तीच फाईल उघडून नवीनच दिसतेय ना ते बघा.

फॉर्म कन्फर्म होऊन लॉक झाल्यावर चूक कळली तर मुदतीच्या आत स्क्रूटिनी सेंटरला सांगून तो उघडून घेता येतो. मुदत गेली असेल तर तात्पुरती मेरिट लिस्ट लागल्यावर हरकतीचे जे थोडे दिवस मिळतात त्यात लॉगिनमधून तक्रार नोंदवून योग्य कागद द्यायचा. मेरिट लिस्टमध्ये मार्क बघून खूश होऊन बंद करू नका, कॅटेगरीच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा, ओपन झालं असेल तर ते तिथेच दिसतं.

मोबाईलवरून फाईल उघडता येत नसेल किंवा घरात कोणाला जमत नसेल तर ई-स्क्रूटिनीऐवजी प्रत्यक्ष स्क्रूटिनी निवडा आणि ओरिजिनल घेऊन सेंटरवर जा. थोडी रांग असते, पण तिथे माणूस तुमचा कागद आणि स्क्रीनवरची फाईल शेजारी शेजारी बघतो, आणि जुनं असेल तर तुमच्या समोरच नवीन टाकून घेतो.