काल किती वेळा गोड खाल्लं?

सातवीच्या वर्गात पहिल्यांदा चिठ्ठ्या वाटल्या तेव्हा प्रश्न सरळ होता: ‘दिवसातून किती वेळा दात घासता?’ उघडून बघते तर सगळीकडे एकच उत्तर, ‘दोनदा’. मुलं खोटं बोलत नव्हती. पुस्तकात जे शिकवलं तेच त्यांनी परीक्षेसारखं लिहिलं होतं.

पुढच्या खेपेला दातांचं नावच काढलं नाही. ‘काल रात्री जेवल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत, क्रमाने लिहा.’ टीव्ही, अभ्यास, आजीशी गप्पा, झोप. ब्रश पुष्कळ चिठ्ठ्यांत आलाच नाही. तेव्हापासून नियम ठरला: सवय विचारायची नाही, कालचा दिवस विचारायचा. आणि दातांचा धडा घ्यायचा तो चिठ्ठ्या गोळा झाल्यावरच. आधी धडा घेतला तर चिठ्ठ्यांवर धडाच उतरून येतो.

चिठ्ठीवर नाव नाही. प्रत्येकाने आपली खूण काढायची: होडी, बांगडा, माड. महिन्याने पुन्हा तीच खूण काढली की दोन चिठ्ठ्या जुळवता येतात, पण कोणाची हे कळत नाही. ही गुप्तता मालवण भागात फार लागते, कारण ‘दात कशाने घासले?’ याच्या उत्तरात मशेरीही येऊ शकते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू, आणि बारा वर्षांचं मूल ते नावानिशी कधीच लिहिणार नाही.

एक होडीवाली चिठ्ठी समोर ठेवते. सकाळी सातला चहा-बिस्किट. अकराला शाळेच्या वाटेवर गोळी. दीडला पोषण आहार. सव्वापाचला घरी चहा-बटर. सहाला आंबापोळीचा तुकडा. साडेनऊला जेवण झाल्यावर जत्रेतून आणलेला खाजा. मग झोप. भरताना वर्गातून हाक आली होती, “बाई, चाय पण लिवची काय?” लिहायचीच. साखरेचा चहा कोणी गोडात धरत नाही, आणि मोजणी तिथेच चुकते.

यात चमचे मोजायचे नाहीत, वेळा मोजायच्या. दातांवर जो चिकट थर बसतो त्यातले जिवाणू साखर मिळाली की काही मिनिटांतच आम्ल तयार करतात. थरातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कठीण कवचातले, म्हणजे एनॅमलमधले, कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटू लागतात. लाळ ते आम्ल हळूहळू निवळवते आणि गेलेले क्षार काही प्रमाणात परतही बसवते. त्याला अर्धा ते एक तास लागतो. म्हणून जेवताना दोन लाडू एकदम खाल्ले तर दातांवर एकच हल्ला होतो, पण चार गोळ्या चार वेळा चघळल्या तर चार.

होडीवाल्या चिठ्ठीत असे पाच हल्ले आहेत. प्रत्येकी अर्धा तास धरला तरी अडीच तास होतात. सव्वापाच आणि सहा यांच्यात तर लाळेला काम पुरं करायलाही जेमतेम वेळ मिळाला. सगळ्यात वाईट तो खाजा. गुळाचा पाक दाढांच्या खाचांत चिकटतो, आणि झोपेत लाळ अगदी कमी सुटते. फ्लोराइडवाल्या पेस्टने झोपण्याआधी घासलेले दात सर्वांत जास्त कामी येतात ते याच वेळी.

स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म संस्थेत १९४० च्या दशकात सुरू झालेल्या प्रयोगांत हेच दिसलं. जेवणाबरोबर दिलेल्या साखरेने दात फारसे किडले नाहीत, दोन जेवणांच्या मध्ये दिलेल्या चिकट टॉफीने भराभर किडले. तो प्रयोग मतिमंद रुग्णांवर त्यांची संमती न घेता झाला, हे मुलांना मी आवर्जून सांगते. आपण कोणाच्या तोंडात डोकावत नाही त्यामागचं एक कारण हेही आहे. दुसरं कारण म्हणजे आपण दंतवैद्य नव्हे. बॅटरीच्या उजेडात दोन दाढांमधली कीड आपल्याला दिसणारही नाही.

त्यामुळे ‘गोळ्या खाणाऱ्यांचे दात जास्त किडले’ असं या चिठ्ठ्यांवरून म्हणता येत नाही. किडलेले दात आपण पाहिलेलेच नाहीत. वर्ग गोड किती वेळा खातो आणि रात्री किती जण घासतात, एवढंच कळतं. ‘महिन्याभरात दात दुखला का?’ हा एक प्रश्न ठेवला होता. बांगड्यावाल्या चिठ्ठीवर ‘हो’ होतं. नाव नसल्यामुळे त्या मुलाला बाजूला बोलावता येईना, म्हणून सगळ्या वर्गालाच सांगितलं: दुखत असेल तर घरी सांगा आणि दंतवैद्याकडे जा. बारा वर्षांपर्यंत बहुतेक पक्के दात आलेले असतात. त्यातला पडला तर पुन्हा येत नाही.

महिन्याने होडी परत आली. आंबापोळी दुपारच्या जेवणाबरोबर गेली होती, गोळी नव्हती, झोपण्याआधी ब्रश होता. पाचाचे तीन झाले. खाजाही नव्हता, पण तोवर गावची जत्रा उठली होती, तेव्हा तो धड्यामुळे गेला असं मी धरत नाही. म्हणून आता एका दिवसाऐवजी तीन दिवस लिहून घेते, त्यात एक रविवार. आणि जत्रेच्या आठवड्यात चिठ्ठ्या वाटत नाही.