स्प्रिंगरची घरची बोली

जानेवारी २००२ मध्ये सिएटलजवळच्या समुद्रात ऑर्काचं, म्हणजे किलर व्हेलचं, एक पिल्लू एकटंच फिरताना दिसलं. वय जेमतेम दोन वर्षं. त्या किनाऱ्यावरच्या मासेखाऊ ऑर्कांमध्ये मुलगे-मुली आयुष्यभर आईजवळच राहतात, त्यामुळे हे पिल्लू कुणाचं, हा मोठाच प्रश्न होता. पाण्यात सोडलेल्या हायड्रोफोनवर त्याचे आवाज ऐकल्यावर उत्तराची दिशा मिळाली. ही बोली कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर टोकाकडे फिरणाऱ्या ‘ए४’ कळपाची होती. जुन्या फोटोंशी ताडून पाहिल्यावर खात्री पटली. ही होती स्प्रिंगर, आई गमावलेली.

आवाजावरून घर सापडलं, कारण तिथल्या प्रत्येक कळपाची साधारण सात ते सतरा ठरावीक हाकांची स्वतःची बोली असते. जॉन फोर्ड या कॅनेडियन शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं ध्वनिमुद्रणं करून ती नोंदवली. जवळच्या नात्यातल्या कळपांच्या काही हाका सारख्या असतात, दूरच्यांच्या जुळतच नाहीत. ही बोली रक्तातूनच येत असेल, अशी शंका येणं साहजिक आहे. पण जनुकीय तपासणीत दिसलं, की बाप बहुतेकदा वेगळ्या बोलीच्या कळपातला असतो आणि पिल्लू मात्र आईचीच बोली बोलतं. म्हणजे ती ऐकून, शिकून येते.

खाण्याचंही तसंच. स्प्रिंगरचे नातेवाईक सॅल्मन मासे खातात आणि कळपातले मोठे ऑर्का पिल्लांना आपल्या घासातला वाटा देतात. त्याच पाण्यात ‘बिग्ज’ नावाचे दुसरे ऑर्का सील मारून जगतात. सीलचे कान तिखट, म्हणून हे शिकारीला निघाले की जवळजवळ गप्प असतात. हे दोन समाज एकमेकांत मिसळत नाहीत.

शिकलेली सवय किती घट्ट असते, हे १९७० मध्ये व्हँकुव्हर बेटावरच्या पेडर बे इथे कळलं, आणि ती हकिकत वाचताना अजूनही वाईट वाटतं. तिथे पकडलेल्या सीलखाऊ ऑर्कांपुढे मासे टाकले जात होते. त्यांनी सुमारे अडीच महिने माशांना तोंड लावलं नाही. त्यातली एक मादी उपासमारीने मेली, तेव्हा कुठे उरलेल्यांपैकी काहींनी मासे खायला सुरुवात केली. जीव जायची वेळ आली तरी मासा त्यांना अन्न वाटत नव्हता. पुढे त्यातले काही समुद्रात परतले आणि पुन्हा सीलच मारू लागले.

स्प्रिंगरला २००२च्या जुलैत बोटीने व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर टोकाकडच्या जॉनस्टन सामुद्रधुनीत, तिच्या कळपाच्या पाण्यात नेलं. जाळीच्या कुंपणात ठेवलेली असताना जवळून तिचे नातेवाईक गेले आणि तिने जोरजोरात हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी तिला सोडलं. हळूहळू ती नातेवाइकांत रुळली. २०१३ मध्ये ती पुन्हा दिसली, तेव्हा सोबत तिचं पिल्लू होतं.